ओटीपी कुणाच्या खिशात?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

संध्याकाळी सात-साडेसातला अंजूरफाट्याकडून नारपोलीत शिरलात, तर दोन आवाज हमखास कानावर पडतात. एक यंत्रमागांच्या खडखडाटाचा आणि दुसरा मागे मागे येणाऱ्या टेंपोला 'आने दो, आने दो' म्हणणाऱ्या हमालांचा. १ एप्रिल २०२५पासून त्यात तिसऱ्या आवाजाची भर पडली आहे. गोदामाच्या केबिनमधून मुनीमजी फोनवर ओरडत असतात, "शेठ, ओटीपी आला का? लवकर सांगा, गाडी उभी आहे."

शेठ त्या वेळी कल्याणला लग्नात असतात. बँडच्या गोंगाटात ते फोन डोळ्यांजवळ धरतात आणि सहा आकडे मोठ्याने वाचून दाखवतात. शेजारच्या टेबलावरच्या पाहुण्यालाही ते ऐकू जातात. गाडी सुटते, सगळे खूश.

मी गेली बरीच वर्षे नारपोलीतल्या गोदामवाल्यांची आणि कारखानदारांची हिशेबाची कामे करतो. ई-वे बिल हा माझ्या रोजच्या भाकरीतला भाग आहे. म्हणून दुहेरी ओळखीचा विषय मला पुस्तकातून सांगायचा नाही. पासवर्ड झाल्यावर दुसरी खूण मागितली जाते, ती एसएमएसने घ्यावी, मोबाइलमधल्या ॲपवर घ्यावी, ईमेलवर घ्यावी की त्यासाठी वेगळी किल्ली बाळगावी, हे एकाच गोदामाच्या उदाहरणावरून पाहू.

आधी नियम काय आहे तो सांगतो. साधारणपणे परराज्यात ५० हजार रुपयांवरचा आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपयांवरचा माल गाडीत चढवला, की ई-वे बिल लागते. ते ज्या संकेतस्थळावर काढतात तिथे पूर्वी नाव आणि पासवर्ड एवढ्यावर काम भागत होते. ऑगस्ट २०२३मध्ये १०० कोटींवर उलाढाल असलेल्यांना दुसरी खूण सक्तीची झाली. जानेवारी २०२५मध्ये २० कोटींवरच्यांना, फेब्रुवारीत ५ कोटींवरच्यांना आणि १ एप्रिल २०२५ला सगळ्यांनाच. म्हणजे नारपोलीतला आठ-दहा मागांचा कारखानदारही त्यात आला.

ही दुसरी खूण तीन वाटांनी मिळते. पहिली वाट एसएमएसची. दुसरी 'संदेस' या सरकारी निरोप-ॲपची. तिसरी NIC-GST-Shield नावाच्या ॲपची, जे संकेत स्वतःच तयार करते. आमच्याकडे बहुतेकांनी एसएमएस निवडला. निवडला म्हणणेही तसे चूकच, कारण तो आपोआप येतो आणि त्यासाठी काही करावे लागत नाही.

एसएमएसवरचा ओटीपी नेमके काय सिद्ध करतो? ज्या सिमकार्डावर अमुक नंबर चालू आहे, ते या माणसाजवळ आहे, एवढेच. तो माणूस मालक आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. २०१८च्या डिसेंबरात माहीमच्या एका व्यापाऱ्याच्या फोनवर रात्री सहा मिस्ड कॉल आले. सकाळी पाहतात तर सिम बंद. त्याच नंबरचे दुसरे सिम चोरट्यांनी काढून घेतले होते आणि रातोरात २८ व्यवहारांत १ कोटी ८६ लाख रुपये खात्यातून गेले होते. बँकेचे ओटीपी अगदी बिनचूक पोहोचले होते, फक्त दुसऱ्याच्या हातात.

त्यानंतर ही वाट बरीच अवघड करण्यात आली. सिम बदलले, की पहिले चोवीस तास त्यावर एसएमएस बंद ठेवण्याचा दूरसंचार विभागाचा आदेश आहे. जुलै २०२४पासून सिम बदलल्यावर सात दिवस तो नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. म्हणून तुमच्या फोनवरचे नेटवर्क अचानक गेले आणि शेजारच्याच्या त्याच कंपनीच्या फोनवर ते ठणठणीत असले, तर सकाळची वाट पाहू नका. दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला आणि बँकेला लगेच कळवा.

आज मात्र आमच्या भागात चोराला सिम बदलायची गरजच पडत नाही. त्याला दोन सोपे रस्ते मिळाले आहेत. एक, ओटीपी फोनवर विचारायचा. जो मुनीम रोज चार वेळा शेठला ओटीपी विचारतो आणि जो शेठ रोज चार वेळा तो सांगतो, त्या दोघांनाही फोनवर ओटीपी सांगणे ही गोष्ट खटकेनाशी होते. पाचवा फोन 'सीए साहेबांच्या ऑफिसातून बोलतोय' असा आला, तरी जीभ सवयीने आकडे सांगून मोकळी होते. दुसरा रस्ता व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या फाइलचा. गाडीवाल्यांना 'तुमच्या वाहनावर चलान आहे' असा निरोप येतो आणि सोबत एक फाइल असते, जिच्या नावाच्या शेवटी .apk असते. चलान पाहायला म्हणून ती उघडली, की एक ॲप फोनमध्ये शिरते, एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि त्यानंतरचा प्रत्येक ओटीपी चोराला परस्पर पाठवते. मालकाच्या फोनवर तो एसएमएस येतोही, आणि मालकाला वाटते सगळे ठीक आहे.

एवढे ऐकून कुणी म्हणेल, मग एसएमएस टाकूनच द्यावा. तसे माझे म्हणणे नाही. गूगलने २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एसएमएसच्या संकेताने सरसकट पाठवलेल्या फसव्या निरोपांचे ९६ टक्के हल्ले अडवले होते. एखाद्याला हेरून, त्याच्यासाठीच रचलेल्या हल्ल्यांत मात्र हे प्रमाण ७६ टक्क्यांवर आले. म्हणजे नुसत्या पासवर्डपेक्षा एसएमएस कितीतरी बरा. त्यातून आमच्याकडे साधा बटणांचा फोन वापरणारे वाहक आहेत, गावी गेले की महिना महिना इंटरनेट न भरणारे कामगार आहेत. त्यांच्यासाठी एसएमएस हाच आधार आहे. शिवाय बँकेच्या व्यवहारांत दुसरी खूण कोणती असावी हे बँकच ठरवते. कार्डावरच्या ऑनलाइन व्यवहारांना ती १ ऑगस्ट २००९पासून सक्तीची आहे. सप्टेंबर २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने नवे निर्देश काढले, १ एप्रिल २०२६ ही त्यांची अंमलबजावणीची तारीख ठेवली आणि इतर पद्धतींना वाट मोकळी केली. पण एसएमएस बंद करायला त्यांतही सांगितलेले नाही.

आता ॲपकडे वळू. अनेकांचा समज असा, की ॲपवर दिसणारा आकडा इंटरनेटवरून येतो. तो येत नाही, तिथेच तयार होतो. आपल्या धंद्यातले उदाहरण घ्या. जॅकार्ड मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते आणि कापडावर कोणती नक्षी उठायची ते त्या भोकांवर ठरते. त्याच पुठ्ठ्यांची दुसरी माळ घेऊन भिवंडीत एक आणि मालेगावात एक असे दोन माग एकाच क्षणी सुरू केले, तर दोन्हीकडे तीच नक्षी उठेल. मागांनी एकमेकांना काही कळवलेले नसते. ॲपचे तसेच. नोंदणी करताना एक गुप्त संख्या तुमच्या फोनमध्ये ठेवली जाते आणि तीच समोरच्या संगणकातही असते. दोघांजवळ घड्याळ असते. गुप्त संख्या आणि घड्याळातली वेळ यांच्या हिशेबातून दोघेही तोच सहा आकडी संकेत काढतात आणि दर तीस सेकंदांनी तो बदलतो.

याचा फायदा पत्र्याच्या गोदामात चटकन कळतो. आत नेटवर्क नाही, एसएमएस अडकलेला, गाडी दाराशी. ॲपला त्याचे काही नाही. फोन विमानातल्या मोडवर टाकला तरी आकडा दिसतो. सिम बदलून चोराला काही मिळत नाही आणि एसएमएस चोरणाऱ्या त्या चलानवाल्या ॲपच्याही हाती हा आकडा पडत नाही.

अडचणी दोन. पहिली घड्याळाची. फोनची वेळ हाताने पुढे-मागे केलेली असेल, तर आकडा दिसतो पण चालत नाही. मुनीमजी म्हणतात, ॲप बिघडले. बिघडलेले काही नसते. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन वेळ आपोआप घेण्याची सोय चालू केली, की काम होते. शील्ड ॲपच्या सूचनेतही वेळ जुळती ठेवा असे सांगितलेले आहे. दुसरी अडचण जरा नाजूक आहे. नियम आला तेव्हा सूचना अशी होती, की हे ॲप ई-वे बिलाच्या किंवा ई-इन्व्हॉइसच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे, इतर कुठून नाही. म्हणजे एका बाजूने आपण लोकांना सांगतो, बाहेरून आलेले ॲप फोनमध्ये घालू नका, आणि दुसऱ्या बाजूने हे एक बाहेरूनच घालावे लागते. यात फरक करायची खूण एकच. ewaybillgst.gov.in हा पत्ता स्वतः टाइप करून, आपल्या नावाने आत शिरून, '२-फॅक्टर ऑथेंटिकेशन' या मेनूतून घेतलेले ॲप खरे. व्हॉट्सॲपवर कुणी 'शील्डची फाइल' पाठवली, तर ती उघडायची नाही, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी.

पण त्या लग्नातल्या शेठचे काय? त्यांनी शील्ड घेतले तरी आकडा त्यांच्याच फोनवर दिसणार आणि ते तो मोठ्याने वाचून दाखवणार. खरा उपाय ॲपमध्ये नाही, नावांमध्ये आहे. ई-वे बिलाच्या संकेतस्थळावर मालकाच्या मुख्य नावाखाली उपनावे काढता येतात. मुनीमजींचे एक, दुसऱ्या गोदामातल्या क्लार्कचे एक. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, मोबाइल नंबर वेगळा आणि ओटीपी ज्याचा त्याला. कुणाला बिल काढता येईल, कुणाला रद्द करता येईल, हेही ठरवून देता येते. माझ्या ओळखीच्या एका सूत-व्यापाऱ्याकडे आम्ही हे केले. मालक, दोन क्लार्क आणि रात्रपाळीचा एक मुलगा, असे चौघे. दुपारच्या चहाच्या वेळेत काम झाले. पुढे दिवाळीनंतर एक क्लार्क नोकरी सोडून गेला, तेव्हा मालकाने त्याचे उपनाव गोठवले आणि बाकीच्यांना कळलेही नाही. पूर्वी एका पासवर्डावर चौघे चालत होते तेव्हा कुणी गेला, की पासवर्ड बदला, सगळ्यांना कळवा, मग कुणीतरी तो कॅलेंडरवर लिहून ठेवणार.

याच कामात एक जुनी भानगड वर आली. मालकाच्या जीएसटी नोंदणीवर मोबाइल नंबर आणि ईमेल भलत्याचेच निघाले. नोंदणी करून देणाऱ्या सल्लागाराने आपलेच घातले होते. असे इतक्या ठिकाणी झाले होते, की २०१८मध्ये केंद्र सरकारने खुलासा काढून सांगितले, अशा व्यापाऱ्याने कागदपत्रे घेऊन आपल्या भागातल्या कर अधिकाऱ्याकडे जावे, तो नंबर आणि ईमेल बदलून देईल. आपल्या नोंदणीवर कुणाचा नंबर आहे, हे ज्याला पाहून माहीत नाही, त्याने एसएमएस की ॲप हा वाद पुढे ढकलावा आणि आधी ते पाहावे. दुसरे असे, की बंद केलेला मोबाइल नंबर काही महिन्यांत नव्या ग्राहकाला दिला जातो. जुना नंबर सोडताना तो कुठे कुठे नोंदवला आहे ते बदलले नाही, तर आपले ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाला जाऊ लागतात, आणि त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

ईमेलचा विचार मी मुद्दाम मागे ठेवला. जीएसटीच्या संकेतस्थळावर विवरणपत्रावर सही म्हणून जो ओटीपी लागतो, तो मोबाइलवर आणि ईमेलवर दोन्हीकडे येतो. परदेशी गेलेल्या मुलाला किंवा सिम हरवलेल्याला ईमेल फार सोयीचा. पण दुसरी खूण म्हणून तो कच्चा आहे, कारण ईमेल उघडायला मुळात पुन्हा पासवर्डच लागतो. एका कुलपाची किल्ली दुसऱ्या खोलीत ठेवली आणि त्या खोलीला कडीच नाही, असा प्रकार. आणि 'पासवर्ड विसरलो' असे म्हटले, की बहुतेक ठिकाणचा नवा पासवर्ड ईमेलवरच येतो. त्यामुळे ज्याच्या हाती तुमचे ईमेल, त्याच्या हाती हळूहळू बाकी सगळे. व्यापाऱ्याला आणखी एक धोका असतो. चोर ईमेलमध्ये गुपचूप बसून राहतो आणि सुताच्या मोठ्या बिलाची वेळ आली, की तुमच्याच पत्त्यावरून गिऱ्हाइकाला कळवतो, 'आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे.' गिऱ्हाईक पैसे भरते. दोन्ही पक्ष प्रामाणिक आणि पैसे तिसऱ्याकडे.

म्हणून माझे मत असे, की सगळ्यांत मजबूत दुसरी खूण ईमेलच्या खात्याला लावावी. लोक नेमके उलट करतात. बँकेला जपतात आणि ईमेलचा पासवर्ड मुलीचे नाव आणि जन्मसाल.

मजबूत म्हणजे कोणती, हे कळण्यासाठी एक फसवणूक पायरी पायरीने पाहा. मुनीमजींना एक मेल येतो, 'तुमचा मेलबॉक्स भरला, इथे दाबा.' दाबले की हुबेहूब गूगलसारखे पान उघडते. ते पान चोराचे. मुनीमजी पासवर्ड घालतात. चोराचा संगणक तोच पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या गूगलवर घालतो. खरे गूगल खरा ओटीपी पाठवते. मुनीमजी तो खोट्या पानावर लिहितात, चोराचा संगणक तो खऱ्या पानावर लिहितो आणि आत शिरतो. इथे एसएमएस असो की ॲप, फरक पडत नाही. तीस सेकंद यंत्राला पुष्कळ झाले. आकडा माणूस वाचतो आणि माणूसच लिहितो, आणि आपण तो कुठे लिहितो आहोत हे आकड्याला कळत नाही.

किल्लीला ते कळते. ही पेनड्राइव्हसारखी छोटी वस्तू असते. नोंदणीच्या वेळी ती संकेतस्थळाच्या पत्त्यासह एक गुप्त जोडी करून ठेवते. पुढे लॉगिन करताना ब्राउझर किल्लीला पत्ता सांगतो आणि किल्ली त्या पत्त्यापुरतेच उत्तर देते. पत्ता accounts.google.com नसेल, तर पान कितीही हुबेहूब असले तरी चोराला उपयोगी पडेल असे उत्तर तिच्याकडून निघतच नाही. मुनीमजी फसले तरी किल्ली फसत नाही. वर सांगितलेल्या गूगलच्या अभ्यासात किल्लीने अडवलेल्या हल्ल्यांचे प्रमाण १०० टक्के होते, हेरून केलेले हल्ले धरूनसुद्धा.

आमचे व्यापारी म्हणतात, अशी किल्ली आमच्याकडे आहेच, सीएकडे ठेवली आहे. ते डिजिटल सहीचे टोकन. दिसायला तसेच, पण ते कागदावर सही करण्यासाठी असते आणि त्याने ईमेलला कुलूप लागत नाही. (वीस गिऱ्हाइकांची टोकने एकाच खणात रबरबँड लावून ठेवलेली मी पाहिली आहेत. त्यावर स्वतंत्र भाषण होईल.) खऱ्या किल्लीची किंमत काही हजार रुपये असते आणि एक घेऊन चालत नाही. एक हरवली तर दुसरी असावी म्हणून दोन घ्याव्या लागतात. शिवाय ई-वे बिलाच्या संकेतस्थळाने दिलेल्या तीन वाटांत ती नाही. साध्या माणसाला मी त्यामुळे ती विकत घ्यायला सांगत नाही. त्याच तत्त्वावरची 'पासकी' आता फोनमध्येच मिळते आणि गूगलच्या खात्यांना ती २०२३पासून लावता येते. बोटाचा ठसा किंवा फोनचे लॉक उघडले, की फोनच किल्लीचे काम करतो. आकडा नाही, त्यामुळे लग्नात वाचून दाखवायलाही काही नाही. मात्र एकाच फोनवर तिघांचे काम चालत असेल आणि लॉक सगळ्यांना माहीत असेल, तर ही किल्ली तिघांची झाली हे लक्षात ठेवावे.

राहिला तो फोन हरवण्याचा प्रश्न. खूण जितकी पक्की, तितका मालकच बाहेर अडकण्याचा संभव जास्त. एसएमएसच्या बाबतीत नवे सिम काढले, की गाडी रुळावर येते. ॲपमधली गुप्त संख्या फोनबरोबर जाते. तिची दुसरीकडे नोंद ठेवायची सोय काही ॲपमध्ये असते, काहींत नसते, म्हणून जुना फोन विकण्याआधी ॲप नव्या फोनवर चालते याची खात्री करून घ्यावी. गूगल अशा वेळेसाठी दहा राखीव संकेत देते, प्रत्येक आठ आकडी आणि प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर छापून घ्यावेत आणि दुकानाच्या परवान्याबरोबर तिजोरीत ठेवावेत. त्यांचा फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवणारे बरेच भेटतात.

व्हॉट्सॲपलाही सहा आकडी पिनची दुहेरी ओळख आहे आणि ती सेटिंगमध्ये जाऊन आपल्याला चालू करावी लागते. ही पिन एसएमएसने येत नाही, ती आपण ठरवतो. त्यामुळे कुणी एसएमएसचा आकडा काढून घेतला, तरी तुमचे खाते त्याच्या फोनवर चालू होत नाही. पिन ठरवताना ईमेल विचारतात, तो टाळू नये. ईमेल दिलेला नसेल आणि पिन विसरली, तर खाते परत मिळायला सात दिवस थांबावे लागू शकते, आणि नारपोलीत सात दिवस व्हॉट्सॲप नाही म्हणजे सात दिवस भाव नाही, गाडीचा नंबर नाही, पावती नाही.

आणि पैसे गेलेच, तर क्रम असा. पहिला फोन १९३० या क्रमांकावर, कारण रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते ती पहिल्या काही तासांत. मग बँकेला कळवायचे. त्यानंतर cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायची आणि तिचा क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात जायचे. जाताना चोराचा एसएमएस, व्हॉट्सॲपचा निरोप किंवा ती .apk फाइल रागाच्या भरात पुसून टाकू नये. तपासाला तीच लागते.